बटणाच्या आधी

आमचं साड्यांचं दुकान जुन्या हुबळीत आहे. पाटी कन्नडमध्ये, आतलं बोलणं कन्नड आणि मराठी असं सोयीनं, आणि ऑनलाइनचं दुकान मात्र फक्त मराठीत. ते माझ्या नवऱ्यानं सुरू केलं होतं. आम्ही जिला इळकल म्हणतो तिला पलीकडे महाराष्ट्रात इरकल म्हणतात, आणि इरकलची हौस असलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या बायका काही हुबळीची गाडी पकडून येणार नाहीत, तेव्हा आपणच त्यांच्या फोनात जाऊन बसावं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भावजी, गादीवर बसून दुकान बघायचे आणि हा मागच्या खोलीत फोन आणि कॉम्प्युटर घेऊन बसायचा. गेल्या वर्षी तो गेला. सकाळी चहा घेतला, छातीत जळजळतंय म्हणाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

मला रडू आलं नाही. लोकांनी ते पाहिलं आणि आपसांत बोलले असणार. मला स्वतःलाही त्याचं काही वाटलं नाही, खरं म्हणजे कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवणाला चव होती, ती कळत होती, पण ती दुसऱ्याच कुणाला तरी लागतेय असं वाटायचं. सगळं उरकल्यावर मी एक दिवस देशपांडे नगरातल्या आमच्या घरातून निघाले आणि दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता, तो वाजला, मी घेतला. तेव्हापासून ते माझं काम झालं.

फोन बरेच यायचे. मी पूर्वी मराठी शाळेत शिकवत होते, त्यामुळे तेच तेच प्रश्न शांतपणे ऐकायची सवय होती. ही किंमत सगळं धरून आहे की वर अजून काही? आमच्याकडे कधी पोचेल, लग्नाच्या आधी मिळेल ना? आणि नाही आवडली तर? हे तीन. कोण आधी तिसरा विचारायचं, कोण पहिला, पण फिरून फिरून हेच. मधेच कुणी जुनं गिऱ्हाईक असलं की चौथाही यायचा: "ते नाहीत का? नेहमी ते घ्यायचे फोन." मी म्हणायची, बाहेर गेलेत. खरं सांगितलं असतं तर पलीकडची बाई हळहळली असती, मग मला तिची समजूत घालावी लागली असती, आणि तेवढा उत्साह माझ्यात नव्हता. कधी येतील, असं विचारलं तर मी उलट त्यांचीच चौकशी करायची, मुलीचं लग्न ठरलं का वगैरे. दिवस निघून जायचा.

फोन येत होते, पण साड्या जात नव्हत्या. श्रावण सरता सरता भावजी मागच्या खोलीत आले, उभ्यानंच म्हणाले, "दसऱ्यानंतर ह्या ऑनलाइनच्या दुकानाचं वर्षाचं भाडं भरायचं येतंय बघ. मी भरणार नाही. बंद करूया. तू पुढं गादीवर येऊन बस की, अक्काला पण सोबत होईल."

अक्का म्हणजे माझी जाऊबाई. ती दुपारी दुकानात येते. गादीवर बसायला मला काही हरकत नव्हती. पण ते ऑनलाइनचं पान बंद होणार म्हणजे त्यानं हातानं उभं केलेलं एकुलतं एक काम पुसलं जाणार, हे मला कळत होतं. दुखत नव्हतं, पण कळत होतं. घर त्याच्या वडिलांचं, दुकान आजोबांचं, मूल आम्हाला नाही. त्याचं असं म्हणावं तर तेवढंच होतं. मी म्हटलं, "दसऱ्यापर्यंत आहे ना? तोवर बघते."

"बघ," भावजी म्हणाले. त्यांचा स्वभाव वाईट नाही. त्यांना फक्त जे हाताला लागत नाही ते खरं वाटत नाही.

मी पहिल्यांदाच ते पान गिऱ्हाईकासारखं, फोनवर, वरपासून वाचलं. वर साडीचा फोटो. खाली नाव, आणि पुसट बारीक अक्षरांत किंमत, पुढे 'कर व कुरिअर वेगळे'. त्याखाली लगेच मोठं हिरवं बटण, 'खरेदी करा'. त्याखाली माझ्या नवऱ्याचा निबंध. हा माणूस शाळेत निबंधाला नापास झाला असणार, कारण आयुष्यभर तो त्याची भरपाई करत होता. काठाचा लाल रंग, पदरावरचे टोकदार पट्टे, इळकल गावातल्या मागांचा खटखटाट, सगळं आलं होतं, आणि शेवटच्या वाक्यात 'जणू' दोनदा. त्यातल्या वेलांट्या मीच सुधारल्या होत्या. आणि कुरिअरचे दिवस, माल परत घेण्याच्या अटी? त्या पानाच्या अगदी तळाशी, 'नियम व अटी' अशा एका ओळीत, तीही दाबली तर दुसरं पान उघडायचं.

कॉम्प्युटरवर एक यादी दिसते, अर्ध्यावर सोडून दिलेल्या ऑर्डरींची. बायका बटण दाबत होत्या, नाव लिहीत होत्या, पत्ता लिहीत होत्या, पिनकोड घालत होत्या. पिनकोड घातला की कर आणि कुरिअर मिळून आकडा वाढायचा, आणि त्याच पायरीवरून त्या निघून जायच्या. जवळजवळ सगळ्या तिथूनच. मी त्यांना दोष देऊ शकले नाही. भाजीवाल्यानं वजन झाल्यावर भाव वाढवून सांगितला तर मीही पिशवी तिथेच ठेवून येते.

दोष कुठे आहे ते दिसलं, तरी काय करावं ते मला लगेच सुचलं नाही. ते दुकानात सुचलं. एका दुपारी अळणावरकडच्या दोघी आल्या, आई आणि लग्न ठरलेली मुलगी. अक्का जेवायला गेली होती म्हणून मी पाणी द्यायला पुढे गेले आणि तिथेच बसले. भावजींनी साड्या उलगडायला सुरुवात केली. आईनं एका साडीवर हात ठेवला आणि मुलीकडे बघून तोंडातल्या तोंडात म्हणाली, "एष्टंत केळ." म्हणजे कितीला ते विचार. भावजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून भाव सांगितला, आणि वर म्हणाले, "ह्यातच सगळं आलं, फॉल पण आम्हीच लावून देतो." मग मुलगी म्हणाली, फॉल लावून कधी मिळेल? भावजींनी दिवस सांगितला. आई साडी मांडीवर घेऊन काठ चाचपत राहिली. मग हळूच विचारलं, "वापस तगोंतीरेन्री?" परत घेता का हो? भिंतीवर, तिच्या डोक्याच्या बरोब्बर वर, विकलेला माल परत घेतला जाणार नाही ही पाटी दोन्ही भाषांत टांगलेली. भावजी तिच्याशी कन्नडमध्येच बोलले, की फॉल लावायच्या आधी घरी नेऊन दाखव, नाही पटली तर घडी न मोडता आण, बदलून देतो. तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. आणि मग, तेव्हाच, भावजींनी साडीची घडी जुळवत विचारलं, "बांधू का?"

त्या गेल्यावर मी भावजींना म्हटलं, "तुम्ही बांधू का कधी विचारता?"

"कधी म्हणजे? शेवटी."

"आधी का नाही विचारत?"

दुःखानं हिचं डोकं फिरलं असावं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आल्या आल्या बांधू का म्हटलं तर उठून जाईल की ती. तिला काय विचारायचंय ते विचारू दे आधी."

"आपलं पान आल्या आल्या बांधू का विचारतंय," मी म्हटलं, आणि फोन त्यांच्या पुढे धरला. फोटो, नाव, बटण. भावजींनी चष्मा वर करून पाहिलं. अंगठ्यानं खाली सरकवलं, अजून खाली, निबंधातून पार, तळापर्यंत. मग म्हणाले, "त्याला दुकानात कधी बसायलाच लावलं नाही आम्ही."

पण पटणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. किमतीचं लवकर मिटलं. कर आणि कुरिअर धरून एकच आकडा लिहायचा, पुढे 'घरपोच, वर काही नाही'. आकडा मोठा दिसेल म्हणून भावजी कुरकुरले. मी म्हटलं, शेवटी द्यायचा तेवढाच आहे, नंतर दिसण्यापेक्षा आधी दिसू दे. पोचण्याचंही जमलं. ऑर्डर आली की दुसऱ्या दिवशी हुबळीतून निघते, महाराष्ट्रात आठवड्याच्या आत पोचते, फॉल लावून हवी असेल तर दोन दिवस जास्त. आणि एक चौकोन, पिनकोड घातला की तिथे कधी पोचेल ते दाखवणारा. तो चौकोन ऑर्डरच्या शेवटी होताच, मी फक्त वर आणला.

अडलं ते परतीवर. खरी गोष्ट अशी होती की आमच्याकडे त्याचं उत्तरच नव्हतं. भिंतीवर एक पाटी आणि भावजींच्या तोंडात दुसरी. ओळखीच्याला बदलून मिळायचं, गरीब दिसला तर मिळायचं, फार घासाघीस केलेल्याला पाटी दाखवली जायची.

"जिचं तोंड बघितलं नाही तिचा माल परत घ्यायचा?" भावजी म्हणाले.

"तिनं पण आपलं तोंड बघितलेलं नाही, भावजी. तरी ती पैसे आधी देतेय."

अक्का काउंटरवर ब्लाउजचे खण लावत होती. ती न बघता म्हणाली, "बरोबर बोलती की ती." संध्याकाळी दुकान बंद करताना भावजी म्हणाले, "सात दिवस लिही. फॉल लावलेली चालणार नाही, धुतलेली चालणार नाही. आमची चूक असली तर कुरिअर आमचं, नाही तर तिचं." मी तिथेच उभी राहून लिहून घेतलं, कारण सकाळपर्यंत त्यांचा विचार बदलू शकतो हे मला माहीत होतं.

मग मी बसून पान लिहिलं, आणि ते बिघडवलं. शाळेतली सवय. प्रश्न आला की पूर्ण वाक्यात उत्तर. किमतीवर एक परिच्छेद, पोचण्यावर एक, परतीवर दोन, आणि पदराचा सांधा म्हणजे फाटलेला भाग समजू नये, रेशमी पदर साडीच्या अंगाला तसाच जोडतात, यावर आणखी एक. सगळं बटणाच्या वर. मला ते फार स्वच्छ वाटलं. अक्काला म्हटलं, गिऱ्हाईक आहेस असं समज आणि ही साडी घे. तिनं फोन हातात घेतला, अंगठा फिरवला, परत फिरवला, अजून फिरवला. म्हणाली, "सगळं कळलं ग. पण घ्यायचं कुठं? बटण कुठाय?"

म्हणून कापलं. शेवटी फोटोच्या खाली तीन ओळी राहिल्या, एकेका प्रश्नाला एक, आणि जिला जास्त वाचायचंय तिनं ओळीवर बोट ठेवलं की बाकीचं उघडेल. चौथी ओळ सांध्याची. त्याखाली बटण. अंगठा एकदाच हलवला की बटण दिसतं, एवढंच वर ठेवायचं हे मी ठरवून टाकलं.

आणि निबंध बटणाच्या खाली, सगळ्यात शेवटी. ते करायला काही लागत नाही. कॉम्प्युटरवर त्या चौकटीला धरायचं आणि ओढून खाली सोडायचं. मी धरलं, ओढलं, सोडलं. मला वाटलं होतं की इथे तरी काहीतरी वाटेल. दोन्ही 'जणू' माझ्या डोळ्यांसमोरून खाली गेले आणि मी 'जतन करा' दाबलं आणि चहा आणायला उठले. चहा करताना मी विचार करत होते, की मी दगड झाले आहे की काय, आणि तो विचारही फार लांबला नाही.

ऑर्डरी यायला लागल्या. एकदम नाही, पण यादीतल्या अर्धवट सोडलेल्या कमी आणि पुऱ्या झालेल्या जास्त असं दिसू लागलं. मधे एक घोटाळा झाला, तो माझाच. घाईत कापताना माझ्या हातून 'पैसे' हा शब्दच गेला आणि परतीची ओळ अशी उरली होती: 'नाही आवडली तर सात दिवसांत परत पाठवू.' साताऱ्याच्या एका बाईंचा फोन आला.

"अहो, तुम्ही परत पाठवणार होता ना? आठ दिवस वाट बघतेय."

"काय परत पाठवणार होतो?"

"साडी. दुसरी. तुम्हीच लिहिलंय, नाही आवडली तर परत पाठवू. मला हिचा रंग नाही आवडला."

मी ती ओळ पुन्हा वाचली. त्या बाई बरोबर होत्या. परत म्हणजे माघारी, आणि परत म्हणजे पुन्हा, आणि मी मराठीची मास्तरीण. मुलांना मी हा शब्द फळ्यावर लिहून दोन्ही अर्थ शिकवले होते. मला हसू आलं नाही, पण हसण्यासारखं आहे हे कळलं, आणि बऱ्याच दिवसांत तेवढंही कळलं नव्हतं. बाईंना आठवा दिवस लागला असला तरी साडी पाठवून द्या म्हटलं, आणि भावजींना ते माझी चूक म्हणून सांगितलं. ओळ बदलून केली, 'नाही आवडली तर साडी सात दिवसांत आमच्याकडे धाडा, पैसे माघारी मिळतील.' 'परत' हा शब्दच काढून टाकला.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मागच्या खोलीत पार्सलांना जागा पुरेना, तेव्हा काही पुढे गादीजवळ लावली. भावजी पत्ते वाचायचे. इचलकरंजी, मिरज, कराड, एक पुण्याचा. "ह्यांतल्या कुणी तोंड दाखवलं काय?" असं एकदा म्हणाले, पण चिडून नाही. खंडेनवमीला त्यांनी वजनकाटा, कात्री, कापड मोजायचा गज यांच्या रांगेत कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दसरा झाल्यावर दोन दिवसांनी मला म्हणाले, "ते वर्षाचं भाडं भरून टाकलंय. सकाळीच."

मी बरं म्हटलं. पान राहिलं. जे व्हावं म्हणून मी हे सगळं केलं ते झालं होतं, आणि मला बरं एवढाच शब्द सुचला.

त्या दुपारी ऑर्डरी येत होत्या, कॉम्प्युटरवर एकेक ओळ वाढत होती. अक्का पुढे चिठ्ठ्या चिकटवत होती. मी खुर्चीवर बसले होते आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, दुकानातला पंखा बंद पडला की उकडण्याआधी जसं वाटतं तसं. मग लक्षात आलं. फोन वाजलेला नाही. आज नाही, काल नाही. त्याच्या आधी कधी वाजला होता तेही आठवेना. किंमत वर लिहिलेली, दिवस लिहिलेला, परतीचं लिहिलेलं. विचारायचं काही ठेवलंच नव्हतं मी. जुनी गिऱ्हाइकंसुद्धा तीन ओळी वाचून बटण दाबत होती. ते नाहीत का, असं आता कुणाला विचारायची गरज पडत नव्हती.

मला वाटलं फोनच बिघडला असेल. तो खूप जुना, त्यानं वापरून कडा झिजवलेला. उचलून पाहिला, चार्ज होता, रेंज होती. तरी खात्री करावी म्हणून मी माझ्या फोनवरून त्याचा नंबर लावला. तो गेल्यापासून हा नंबर मी कधी लावलाच नव्हता. लावायचा कुणाला, फोन तर माझ्याच हातात असायचा.

टेबलावर तो वाजायला लागला. काच उजळली आणि तिच्यावर नाव आलं. माझं नाव नव्हतं. त्यानं माझा नंबर 'घर' म्हणून घालून ठेवला होता.

पुढून भावजी म्हणाले, "घे की ग. गिऱ्हाईक असेल."

मला घेता आला नाही आणि बंदही करता आला नाही. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले, मोठ्यानं, दुकानात गिऱ्हाईक असताना. अक्का धावत आत आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि फोन आपोआप थांबेपर्यंत वाजत राहिला.